आठ नंबरची किल्ली

नोंद १. वेळ २०:००

ताबा घेतला. देणारे: दिवसपाळीचे कोटवाले (उन्हाळ्यातही अंगातून कोट उतरत नाही म्हणून हे नाव). घेणारा: मी.

किल्ल्यांचा जुडगा एक, किल्ल्या बावीस, मोजून. बॅटरी दोन, पेटवून पाहिल्या. फेरीचं घड्याळ एक, चावी भरलेली, कुलूप बंद, आतली कागदी चकती आजच्या तारखेची. आत माणूस कोणी नाही. हवामान: वारा वाढलेला, आभाळ काळंकुट्ट, पाऊस अजून नाही.

कोटवाले म्हणाले, "ताबा दिला." मी म्हणालो, "ताबा घेतला." हे तोंडाने मोठ्याने म्हणायचं आणि मग सह्या करायच्या, अशी इथली रीत आहे. कोटवाल्यांना घाई होती. ते नुसती सही ठोकून निघाले होते. मी त्यांना फाटकातून परत बोलावलं.

"अहो, वादळ येतंय, जाऊ द्या की!"

"दोन शब्द बोला आणि जा. तोपर्यंत गोदाम तुमचंच आहे."

बोलले आणि गेले. मनात मला काय म्हणाले असतील ते मला ठाऊक आहे.

साहेबांसाठी शेरा: माझे शेरे लांब असतात ही आपली तक्रार मान्य. पण एकोणतीस वर्षांत माझ्या एकाही ओळीखाली "हे काय?" असा प्रश्न आलेला नाही. कोटवाल्यांची वही वाचून पाहा. "सर्व ठीक, सर्व ठीक, सर्व ठीक." वही आहे की पोपट?

नोंद २. वेळ २१:१०

पहिली फेरी पूर्ण. आठही ठिकाणी किल्ली फिरवली.

नव्या विमावाल्यांनी ही वही मागितली तर त्यांना कळावं म्हणून एकदा लिहून ठेवतो. गोदामात आठ जागी भिंतीवर लोखंडी पेटी आहे. प्रत्येक पेटीत एक किल्ली, साखळीने भिंतीला बांधलेली. साखळी वीतभर. घड्याळ माझ्या खांद्याला, चामड्याच्या पिशवीत. पेटीपाशी जायचं, घड्याळ किल्लीजवळ न्यायचं, किल्ली घालून फिरवायची. टक असा आवाज होतो आणि आतल्या चकतीवर त्या जागेचा आकडा उमटतो, नेमक्या त्या मिनिटाला. घड्याळाच्या कुलपाची किल्ली साहेबांकडे. मध्येच कुणी उघडलं तर चकतीला भोक पडतं, म्हणजे तेही लपत नाही. सकाळी साहेब चकती काढतात आणि या वहीशी ताडून पाहतात. माणूस खोटं बोलू शकतो, चकती नाही.

आठ जागा: एक, फाटक. दोन, जनरेटरची खोली. तीन, जिन्याचा वरचा टप्पा. चार आणि पाच, कागदाच्या रिळांची दोन दालनं. सहा, माल चढवायचा धक्का. सात, जुनं ऑफिस. आठ, तळघर, पाणी उपसायचा पंप.

सगळं जागेवर. पाऊस २०:५० ला सुरू झाला, आडवा.

नोंद ३. वेळ २२:२५

आईचा फोन. खासगी फोन लिहायचे नाहीत असा नियम नाही. फोन आला की लिहायचा, एवढाच नियम आहे.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. एरवी नऊला झोपते. वादळाच्या रात्री झोपत नाही.

"तळघरात जाऊ नकोस रे आज."

"आई, आठ नंबर तळघरातच आहे."

"माहीत आहे मला कुठे आहे ते. तुझ्या आधीपासून माहीत आहे."

मग नेहमीचं वाक्य, जे ती बत्तीस वर्षं म्हणते आहे: "ते गेले होते. आठ नंबरला ते गेले होते. शेवटपर्यंत म्हणायचे, घड्याळ कोरडं आणलं, घड्याळ कोरडं आणलं."

मी म्हटलं, "हो आई."

माझं हे "हो" कसलं आहे ते तिला कळतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. माझे वडील याच गोदामाचे रात्रपाळीचे पहारेकरी होते. बत्तीस वर्षांपूर्वी अशाच वादळात तळघर भरलं, पाणी वर चढलं, खालच्या थरातली सगळी रिळं भिजून फुगली. बाबांच्या वहीत ओळ होती: "०३:१०. आठ नंबर पाहिला. पाणी चढतंय, पंप बंद." सकाळी चकती काढली तर त्या फेरीचे एक ते सात सगळे आकडे होते. आठ नव्हता. तेव्हाच्या साहेबांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "खोटी नोंद." बाबा केबिनमध्ये बसून राहिले आणि अंदाजाने लिहून मोकळे झाले, असं ठरलं. त्याच सकाळी, पाळी संपायच्या आत, त्यांना फाटकाबाहेर काढलं. ते जास्त बोलणारे नव्हते. "लिहिलंय ते वाचा," एवढंच म्हणाले. त्यानंतर सहा वर्षं जगले.

त्या रात्रीनंतर तीन वर्षांनी, ते असतानाच, मी याच फाटकावर नोकरी मागायला आलो. लोक म्हणाले, वेड लागलंय. मला या वहीत एकही खोटी ओळ न लिहिता म्हातारं व्हायचं होतं. आमच्या नावाची ती लाल रेघ मला दुसऱ्या कशाने झाकता येत नव्हती.

पण त्यांच्यावर विश्वास ठेवला का, असं विचाराल तर नाही ठेवला. चकती खोटं बोलत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

नोंद ४. वेळ २३:२०

दुसरी फेरी पूर्ण. आठही ठिकाणी किल्ली फिरवली.

जिन्याच्या वरच्या टप्प्यावर, तीन नंबरची किल्ली ओली होती. छत पाहिलं, बॅटरी मारून, नीट. गळती नाही. भिंत कोरडी, पेटी बाहेरून कोरडी. किल्ली मात्र पाण्यातून काढल्यासारखी. रुमालाने पुसली आणि मग घड्याळात घातली, कारण घड्याळात पाणी गेलं की चकतीचा लगदा होतो आणि रात्रभराचे सगळे आकडे जातात.

कारण: माझ्याच बाहीवरचं पाणी असावं.

(असावं हा शब्द लिहायला नको होता. अंदाज लिहायचा नाही. वरील ओळ एका रेघेने खोडली आहे, वाचता येईल अशी. सही. या वहीतली ही तिसरी खोडाखोड.)

नोंद ५. वेळ ००:४७

वीज गेली. जनरेटर सुरू केला: आधी डिझेल पाहिलं, पाऊण टाकी; मग सुरू करून दोन मिनिटं तसाच चालू दिला; मग भार टाकला. जिने, धक्का आणि पंप एवढंच त्यावर चालतं. दालनं अंधारात.

००:५५ ला तळघराच्या जिन्यावरून कान दिला. पंप चालू आहे, पाणी बाहेरच्या गटारात पडतंय. ठीक.

नोंद ६. वेळ ०१:३०

तिसरी फेरी पूर्ण. आठही ठिकाणी किल्ली फिरवली. वेळ जास्त लागला. कारण खाली.

चार नंबर, पहिलं दालन. अंधार. रिळं माझ्यापेक्षा उंच, दोन रांगा, मधून माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. पेटीपाशी पोचलो तर किल्ली साखळीवर हलत होती. वारा आत नाही. मी उभा राहून पाहिलं. ती हळूहळू थांबली, जशी कुणीतरी आत्ताच हातातून सोडलेली किल्ली थांबते.

उंदीर असेल म्हणून पेटीत, पेटीमागे, खाली, सगळीकडे पाहिलं. उंदीर नाही. लेंड्याही नाहीत. मांजर ठेवा असं मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, ते अजून आलेलं नाही, हेही या निमित्ताने नोंदवतो.

पाच नंबर, दुसरं दालन. तिथली किल्लीही हलत होती. जास्त जोरात.

तेव्हा मी एक गोष्ट केली, जी करायची गरज नव्हती. सहा नंबरला भरभर गेलो, जवळजवळ धावत. धक्क्याच्या दरवाजात पाऊल टाकलं आणि समोर, माझ्यापासून दहा पावलांवर, पेटीचं झाकण लागलं. खट्. मी बॅटरी मारली. कोणी नाही. मोकळा धक्का, पाऊस, आणि सिमेंटवर ओल्या पावलांचे ठसे, पेटीपासून सात नंबरच्या दिशेने गेलेले. पेटीकडे येणारे नव्हते, फक्त जाणारे. अनवाणी.

दरोडेखोर असेल तर पद्धत ठरलेली आहे: एकट्याने पाठलाग करायचा नाही, फाटकावर यायचं, पोलिसांना फोन करायचा. फाटकावर आलो. फोनची लाइन बंद. वादळात पडली असणार. माझा मोबाइल दाखवतो की रेंज नाही. दोन्ही नोंदवतो.

मग मी विचार केला. शांतपणे केला, याचा मला अभिमान आहे. चोर रिळांकडे बघतो, कुलपांकडे बघतो. एकापाठोपाठ एक पेटी बरोबर क्रमाने उघडत जाणारा चोर मी पाहिलेला नाही. जो कोणी आहे तो चोरी करत नाहीये. तो फेरी मारतोय.

हा अंदाज आहे. खोडायला हवा. खोडत नाही.

फेरी अर्धवट सोडायची नाही म्हणून परत गेलो. सहा केलं. सात केलं. आठ केलं. कुठेही कोणी नाही. तळघरात जमिनीवर पाणी घोट्याएवढं, पंप चालू.

नोंद ७. वेळ ०२:१५

केबिन. काही घडलं नाही. तरी लिहितो, कारण रिकामी ओळ ठेवायची नाही. रिकाम्या ओळीत उद्या कुणीही काहीही लिहू शकतो.

कोरडे मोजे घातले. हात थरथरत नाहीत, हे पाहायला पेन सरळ धरून एक रेघ काढली. ही पाहा: ———. सरळ आहे.

बाबांचा हात असाच सरळ होता. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. उजव्या अंगठ्याचं नख मात्र उभं चिरलेलं, धक्क्याचा दरवाजा बोटावर पडला होता तेव्हापासून. त्या नखाने ते वहीची पानं उलटायचे आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर एक बारीक ओरखडा राहायचा. लहानपणी मी त्यांनी घरी आणलेल्या कोऱ्या कागदांवर तो ओरखडा शोधायचो. हे शेऱ्यात बसत नाही, मला माहीत आहे.

नोंद ८. वेळ ०२:४०

चौथी फेरी सुरू. पंपाचा आवाज बदलला आहे. इथून, केबिनमधून, कळतं मला. गटारात पाणी पडायचा आवाज बंद, नुसती घुमघुम. म्हणजे पंपाच्या तोंडाशी काहीतरी अडकलंय. तसाच चालू राहिला तर जळेल. आधी तळघराच्या जिन्यावर जाऊन बटण बंद करतो. बटण वर आहे, कोरड्यात. मग क्रमाने एक ते आठ.

निघतोय ही नोंद आहे. झालं ही नोंद आल्यावर. आधी लिहून ठेवायचं नाही, कितीही खात्री असली तरी.

नोंद ९. घटना ०२:४३ ते ०३:२०. लेखन ०४:०५. उशिरा नोंद. कारण: हात आणि कपडे ओले होते.

०२:४३, पंपाचं बटण बंद केलं. एक ते सात पूर्ण, सात नंबर ०२:५८ ला. या वेळी एकही किल्ली हलत नव्हती. सगळ्या अगदी स्थिर, सगळ्या ओल्या. प्रत्येक पुसून घातली.

०३:००, तळघराचा जिना. चौदा पायऱ्या. त्यातल्या आठ पाण्याखाली. पाणी काळं आणि वर रिळांवरच्या प्लॅस्टिकचे तुकडे तरंगत होते. पंपाची वीज तोडली असल्याची पुन्हा खात्री केली. वीज चालू असताना साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही. वरच्या खिळ्यावरचा लांब दांड्याचा लोखंडी आकडा घेतला. घड्याळ पिशवीसकट डोक्यावर धरलं. बॅटरी खांद्याच्या पट्ट्यात खोचली. उतरलो.

पाणी छातीपर्यंत आलं. इतकं गार की श्वास अर्धाच आत जात होता. आकड्याने पंपाच्या खड्ड्यात चाचपलं. तिसऱ्या खेपेला प्लॅस्टिकचा मोठा बोळा वर आला. तो जिन्यावर फेकला. माझं काम संपलं होतं. वर जाऊन बटण दाबायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची, एवढंच उरलं होतं.

राहिली आठ नंबरची किल्ली.

पेटी जिन्याजवळच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला आहे. म्हणजे पेटी पाण्याखाली. वर टीचभर पाणी. हाताने चाचपडलं, झाकण उघडलं, किल्ली बोटांना लागली. ओढली. साखळी वीतभर. ताणून धरली तरी किल्ली पाण्याच्या वर येत नव्हती. चार बोटं कमी पडत होती.

आणि घड्याळ खाली नेता येत नव्हतं. नेलं असतं तर आठचा ठसा कदाचित उमटला असता आणि चकतीचा लगदा झाला असता. रात्रभराच्या साऱ्या फेऱ्या गेल्या असत्या.

मी तिथे उभा राहिलो. एक हात वर, घड्याळ डोक्यावर. एक हात खाली, मुठीत किल्ली. आणि मग मला कळलं की हे असं उभं राहून कुणी काय ठरवलं होतं. बत्तीस वर्षं ऐकलेलं वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं. घड्याळ कोरडं आणलं. त्यांच्या हातात किल्ली होती. त्यांनी फिरवली नाही, कारण सात खरे आकडे एका आकड्यासाठी बुडवणं त्यांना पटलं नाही. वर आले आणि जे पाहिलं ते लिहिलं. त्यांना वाटलं, लिहिलेलं पुरेल.

मी "बाबा" असं मोठ्याने म्हणालो. हे घडलं म्हणून लिहितो.

मी किल्ली सोडली. पाण्याखालून साखळीचा आवाज आला. कडी कडीवर घासल्याचा, सावकाश. पाण्यात तसा आवाज येत नाही, पण आला. बॅटरीचा उजेड समोरच्या भिंतीवर होता. मी खाली पाहिलं नाही. मग पाहिलं.

पाण्यातून किल्ली वर आली. मागे साखळी, ताणलेली, वीतभर, आणि वीतभरापेक्षा जास्त. किल्ली धरलेला हात होता. मनगटापर्यंत दिसला. त्यापुढे पाणी.

जे पाहिलं तेवढंच लिहितो. चार बोटं, अंगठा. कातडी पांढरी, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. अंगठ्याचं नख उभं चिरलेलं. हात कुणाचा, हे लिहीत नाही. अंदाज लिहायचा नाही.

तो हात थांबला होता. घाई नव्हती. मी घड्याळ खाली आणलं, पाण्याच्या वर, चार बोटं अंतर ठेवून. किल्ली आत गेली. फिरली. टक.

मला वाटलं संपलं. पण किल्ली बाहेर येईना. हाताने घड्याळ धरून ठेवलं आणि ओढ सुरू झाली. खाली. हिसका नव्हता, पण जोर इतका होता की मी पायरीवर रेटून उभा राहिलो तरी घड्याळ बोटाबोटाने पाण्याकडे जात होतं. पाणी माझ्या गळ्याला लागलं. बॅटरी मिचमिचायला लागली. मी सोडलं असतं तर सुटलो असतो. पट्टा खांद्यावरून काढला की झालं.

नाही सोडलं. भीती वाटत नव्हती असं नाही. पण घड्याळ ताब्याशिवाय हातातून सोडायचं नसतं.

तेव्हा सुचलं. त्यांना पाळी संपायच्या आत बाहेर काढलं होतं. त्यांच्या वहीत शेवटी सही नाही. त्यांनी ताबा कुणाला दिलाच नव्हता.

मी म्हणालो, "ताबा घेतला."

आवाज नीट निघाला नाही. पुन्हा म्हणालो, कोटवाल्यांना बोलायला लावतो तसा, मोठ्याने. "आठ नंबर, तळघर. ताबा घेतला."

ओढ थांबली. किल्ली घड्याळातून बाहेर आली. हात पाण्यात गेला, आणि पाण्यावर वर्तुळंसुद्धा उठली नाहीत.

०३:२०, वर आलो. बटण दाबलं. पंपाने पाणी ओढलं. गटारात धार पडल्याचा आवाज आला आणि मी पायरीवर बसलो.

घड्याळ पाहिलं. पिशवी बाहेरून ओली, आतून कोरडी.

नोंद १०. वेळ ०५:३०

पाचवी फेरी पूर्ण. आठही ठिकाणी किल्ली फिरवली. सगळ्या किल्ल्या कोरड्या. एकही हलत नव्हती. तळघरात पाणी घोट्याएवढं. रिळं कोरडी. खालच्या थरातलं शेवटचं रीळ हात लावून पाहिलं, मग प्रत्येक रीळ हात लावून पाहिलं. एकही भिजलेलं नाही.

वादळ ओसरलं. फोनची लाइन ०५:२० ला आली.

माझ्या फेऱ्यांमध्ये मला आज पहिल्यांदा रिकामं वाटलं. पुढे कोणी नव्हतं.

नोंद ११. वेळ ०७:२०

साहेब आले, चिखलातून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. आधी दालनांत धावले, रिळं पाहिली, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

घड्याळ उघडलं. चकती काढली. मी वही पुढे केली. त्यांनी बोटाने एकेक आकडा ताडला. मग बोट थांबलं.

"०३:१० ला आठ नंबर आहे इथे."

"हो साहेब."

"मी आत्ता तळघर पाहून आलो. भिंतीवर ओलीची रेघ आहे. पेटीच्या वर. टीचभर वर."

"हो साहेब."

"मग किल्ली फिरवली कशी? साखळी पुरत नाही. आणि घड्याळ पाण्यात गेलं असतं तर ही चकती अशी नसती. कडक आहे, पापडासारखी."

"नोंद नऊ वाचा."

वाचली. खुर्चीवर बसून, दोनदा. बाहेर पन्हळ गळत होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे विमावाल्यांकडे जाणार. हे असं जाऊ शकत नाही. तुम्ही रात्रभर पाण्यात होतात, थंडी, थकवा. मी समजू शकतो. एक रेघ मारा, बाजूला सही करा, आणि लिहा, किल्ली फिरवली. तेवढं पुरे. ते तरी खोटं नाही ना?"

"ते खोटं आहे, साहेब. किल्ली मी फिरवली नाही."

"नोकरी जाईल तुमची. वेडा ठरवतील."

"चूक असेल तर मी आत्ता खोडतो. रेघ मारायला चूक लागते. तुम्ही चूक दाखवा."

त्यांनी चकती पुन्हा उजेडात धरली. आठचा आकडा स्वच्छ होता, बाकीच्यांपेक्षा खोल. नाही दाखवू शकले.

मग मी एक मागणं मागितलं. एकोणतीस वर्षांतलं पहिलं. सात नंबरला, जुन्या ऑफिसच्या कपाटात, बत्तीस वर्षांपूर्वीची वही आहे. ती आणायची परवानगी.

नोंद १२. वेळ ०७:४५

जुनी वही आणली. साहेब टेबलापाशी उभे होते. पान उघडलं. कोपऱ्यावर ओरखडा आहे. लाल रेघ अजून लाल आहे, शाई उडालेली नाही. खालचं अर्धं पान रिकामं. बाबांनी ते रिकामं ठेवलं नसतं, त्यांना वेळ दिला नाही.

खोडलेलं पुन्हा खोडता येत नाही, पण उशिरा नोंद करता येते. दोन वेळा लिहायच्या: घटनेची आणि लेखनाची. मी बाबांच्या ओळीखाली, लाल रेघेखाली, लिहिलं:

"उशिरा नोंद. घटना ०३:१०, बत्तीस वर्षांपूर्वी. लेखन आज. वरील लाल रेघ चुकीची आहे. वरील नोंद खरी आहे. पहारेकरी आठ नंबरला गेले होते. किल्ली पाण्याखाली होती, साखळी पुरत नव्हती. त्यांनी घड्याळ कोरडं आणलं. मी त्याच जागी उभं राहून खात्री केली आहे. उशीर माझ्याकडून झाला. ताबा घेतला."

सही केली. साहेबांकडे पाहिलं. त्यांनी पेन घेतलं नाही. म्हणाले, "माझी सही मागू नका." मग, "पण पान फाडायला सांगणाऱ्याला मी इथे आत येऊ देणार नाही."

मग आईला फोन केला. पहिल्या रिंगला उचलला. रात्रभर फोनपाशीच बसली होती.

"आई, ऐक." वाचून दाखवलं.

"परत वाच."

परत वाचलं.

"सही केलीस?"

"केली."

"पूर्ण नाव?"

"पूर्ण. बाबांच्या नावासकट."

आई रडली नाही. म्हणाली, "मी सांगत होते." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "तू आधी का नाही रे ऐकलंस?"

प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला आहे.

नोंद १३. वेळ ०८:००

ताबा दिला. घेणारे: कोटवाले. मी दोनदा म्हणायला लावलं नाही. माझा चेहरा पाहून ते स्वतःच मोठ्याने म्हणाले.

किल्ल्या बावीस, मोजून. बॅटरी दोन, एक मिचमिचते, बदलावी. आत माणूस कोणी नाही. आठ नंबरची साखळी पुन्हा मोजली: वीतभर. लांब करावी ही सूचना.

घड्याळ एक. कोरडं.